ठरलं केव्हा? : इंग्रजीतल्या उद्याची तीन रूपं

शुक्रवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, एवढंच इंग्रजीत सांगायचं आहे. तीन वाक्यं सुचतात. ‘आय विल सी द डेंटिस्ट ऑन फ्रायडे.’ ‘आय ॲम गोइंग टू सी द डेंटिस्ट ऑन फ्रायडे.’ ‘आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ऑन फ्रायडे.’ शाळेच्या हिशेबाने तिन्ही भविष्यकाळाची आणि तिन्ही बरोबर. परीक्षेत तिन्हींचं भाषांतर ‘मी शुक्रवारी डेंटिस्टकडे जाईन’ असं केलं, तरी बहुतेक मास्तर गुण देऊन मोकळे होतील.

पण हीच वाक्यं लहानपणापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ऐकवली, तर तीन वेगळी उत्तरं येण्याचा संभव आहे. पहिल्यावर तो म्हणेल, ‘हो, जाऊनच ये एकदा.’ दुसऱ्यावर विचारेल, ‘अपॉइंटमेंट घेतलीस का?’ तिसऱ्यावर विचारेल, ‘किती वाजता?’ शुक्रवार तिन्ही वाक्यांत तोच, दाढही तीच. तरी ऐकणाऱ्याला तीन निराळ्या गोष्टी कळल्या. पहिल्या वाक्यात जायचं आत्ता, बोलता बोलता ठरलं. दुसऱ्यात ते आधीच मनात होतं, पण अजून मनातच असू शकतं. तिसऱ्यात दवाखान्याच्या वहीत नाव लागलेलं आहे.

घटना कधी घडणार हे सांगायला ‘फ्रायडे’ हा शब्द पुरेसा आहे. क्रियापदाचं रूप सांगतं ते निराळंच: हे ठरलं केव्हा, आणि ते आता कुठवर पोहोचलं आहे. हा एक धागा हाती धरला, की ‘विल’, ‘गोइंग टू’ आणि चालू वर्तमानकाळ यांचे बरेचसे नियम आपोआप सुटतात.

मुळात या तिघांपैकी एकही रूप भविष्यकाळासाठी घडलेलं नाही. मराठीत ‘जा’पासून ‘जाईन’, ‘जाशील’, ‘जाईल’ होतं. क्रियापदालाच प्रत्यय लागतो. इंग्रजीत भूतकाळासाठी ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं, भविष्यासाठी मात्र असा प्रत्ययच नाही. म्हणून ती भाषा उसनवारी करते. ‘विल’ हे जुन्या इंग्रजीत ‘इच्छिणे’ या अर्थाचं क्रियापद होतं. ‘गोइंग टू’ म्हणजे खरोखरच कुठेतरी काही करायला निघालेलं असणं. या शब्दांचा निव्वळ भविष्यासाठी वापर पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून लिखाणात दिसू लागतो. आणि तिसरं रूप तर सरळ वर्तमानकाळच आहे. इच्छा, वाटचाल आणि चालू काम या तिघांनी भविष्यकाळाचं काम वाटून घेतलं, पण आपापला मूळ स्वभाव पूर्णपणे सोडला नाही.

हा स्वभाव नेमका कसा दिसतो, हे एका कामावरून पाहू. समजा, पुण्यातली एक प्रोग्रॅमर मँचेस्टरमधल्या ग्राहकाबरोबर सोमवारी फोनवर बोलते आहे. पलीकडून तक्रार येते की, लॉगिनचं पान अडखळतंय, कोणीतरी बघेल का? इथे तिने ‘आय विल चेक इट’ म्हणायला हवं. मागणी आत्ता आली, निर्णय आत्ता झाला आणि तो समोरच्यासाठी झाला. या वाक्यात ‘माझ्यावर सोडा’ हा शब्द न उच्चारता दिलेला आहे.

याच क्षणी ती ‘आय ॲम गोइंग टू चेक इट’ म्हणाली, तर व्याकरण चुकत नाही. पण पलीकडच्याला असं वाटतं की, तुम्ही सांगण्याआधीच हे माझ्या यादीत होतं. ते खरं असेल तर उत्तमच. खरं नसेल, तर विनंती कानावर न घेतल्यासारखं ऐकू येतं. ‘आय ॲम चेकिंग इट टुमॉरो’ म्हणाली, तर त्याला वाटेल की, यांच्याकडे हे आधीच उद्याच्या कामात धरलेलं आहे, मग आपल्याला कुणी कळवलं कसं नाही?

आता मंगळवार उजाडतो. ग्राहक विचारतो, लॉगिनच्या पानाचं काय झालं? काम अजून झालेलं नाही. तिने कालचंच वाक्य पुन्हा म्हटलं, ‘आय विल चेक इट’, तर काल जे उत्तर चांगलं होतं तेच आज अंगाशी येतं. ‘विल’मधला निर्णय ताजा असतो, म्हणजे आत्ता विचारल्यावर तिला आठवलं, काल फोन ठेवला तशी ती विसरून गेली होती, असा अर्थ निघतो. ती खरंच विसरली नसेल, तर तिने म्हणायला हवं, ‘आय ॲम गोइंग टू चेक इट धिस आफ्टरनून.’ कालचा निर्णय जिवंत आहे, फक्त दुपारची वाट आहे.

आणि मंगळवारी सकाळी तिने टेस्टिंगच्या टीमकडून दुपारी तीनची वेळ मागून घेतली असेल, तर तिसरं रूप आपोआप येतं: ‘आय ॲम गोइंग थ्रू इट विथ द टेस्टिंग टीम ॲट थ्री.’ आता या निर्णयात दुसरी माणसं आली, वेळ आली, कॅलेंडरमध्ये चौकट रंगली. तो मोडायचा तर कुणाला तरी कळवावं लागेल. काम तेच राहिलं. सोमवारपासून मंगळवारपर्यंत निर्णयाचं वय वाढत गेलं आणि क्रियापद त्याच्याबरोबर बदलत गेलं.

मराठी माणसाची ‘विल’च्या बाबतीत गंमत होते. आपल्याकडेही आयत्या वेळच्या निर्णयासाठी खास रूप आहे, पण ते भविष्यकाळाचं नाही. बेल वाजली की आपण म्हणतो, ‘थांब, मी उघडते.’ जड पिशवी दिसली की, ‘आणा इकडे, मी घेतो.’ निरोप असेल तर, ‘सांगतो त्याला.’ उघडते, घेतो, सांगतो हा साधा वर्तमानकाळ झाला. तोच इंग्रजीत उतरवला की ‘वेट, आय ओपन द डोअर’ असं वाक्य होतं. अर्थ कळतो, पण कानाला खटकतं, कारण इंग्रजीत साधा वर्तमानकाळ मुख्यतः सवयीसाठी आणि रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या पक्क्या गोष्टींसाठी असतो. इथे हवं ‘आय विल गेट इट’, आणि तेही बोलताना आखडून ‘आय'ल’. फॉर्मवर सही करताना, रांगेत कुणाला पुढे सोडताना, हॉटेलात डोसा की इडली हे वेटरला सांगताना, असा जागच्या जागी होणारा प्रत्येक निर्णय ‘आय'ल’चा असतो. ‘आय'ल हॅव द डोसा.’

उलट, आपलं ‘येईन’ हे रूप तसं सैल आहे. ‘संध्याकाळी येशील का?’ याला ‘येईन की’ असं उत्तर मिळालं, तर यजमान पान वाढायला घेत नाही. ‘बघू, जमलं तर’ हे त्यात गृहीत असतं. ज्याचं खरंच ठरलं आहे तो ‘येणार आहे’ म्हणतो किंवा ‘येतोय’ म्हणतो. इंग्रजीत निमंत्रणाला ‘आय'ल कम’ म्हटलं की ते स्वीकारलं असं समजतात. मनात ‘बघू’ असेल तर ते वेगळं सांगावं लागतं: ‘आय'ल प्रॉबब्ली कम’, ‘आय'ल ट्राय टू कम’. आपण सहज म्हणून टाकलेलं ‘आय विल कम’ दुसऱ्याने वचन म्हणून घ्यावं आणि मग वाट पाहून रागवावं, हा प्रसंग या फरकातून उद्भवतो.

‘विल’ची जुनी इच्छा सर्वात स्पष्ट दिसते ती नकारात. ‘ही वोन्ट लिसन’ म्हणजे तो ऐकणार नाही, यापेक्षा तो ऐकायलाच तयार नाही. निर्जीव वस्तूंनाही ही इच्छा चिकटते. ‘द कार वोन्ट स्टार्ट’, ‘द विंडो वोन्ट ओपन’. या वाक्यांत भविष्य नावालाही नाही. किल्ली आत्ता फिरवली जाते आहे आणि गाडी दाद देत नाही. आपणही खिडकी उघडायचं नाव घेत नाही म्हणतो, ते याच जातीचं.

म्हणूनच साहेबांना रजा कळवताना ‘आय विल नॉट कम टुमॉरो’ लिहिणं जरा धोक्याचं. लिहिणाऱ्याला एवढंच म्हणायचं असतं की, उद्या मी नाही. पण संदर्भाशिवाय, आणि ‘विल नॉट’ असं सुटं नि ठसठशीत लिहिलं की वाचणाऱ्याला त्यात ‘येणार नाही, काय करायचं ते करा’ असा सूर ऐकू येऊ शकतो. ‘आय ॲम नॉट कमिंग इन टुमॉरो’ किंवा ‘आय वोन्ट बी कमिंग इन टुमॉरो’ यांत इच्छेचा प्रश्नच उरत नाही. उद्याची व्यवस्था अशी आहे, इतकीच माहिती पोचते. पुढे कारण जोडलं की काम संपलं.

‘विल’ आणि ‘शॅल’ यांच्या वाटणीचा एक जुना नियम आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला: ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’, आणि निर्धार दाखवायचा असेल तर उलट. हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात घालून दिला. त्यावर एक जुना विनोदही आहे. पाण्यात बुडणारा परका माणूस ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असं ओरडतो, आणि काठावरचे व्याकरणप्रेमी त्याची मरायची इच्छा आहे, असं समजून त्याच्या निर्धाराचा मान राखतात. आज रोजच्या बोलण्यात ‘शॅल’ प्रामुख्याने ‘शॅल आय?’, ‘शॅल वी?’ अशा विचारणेपुरतं उरलं आहे. ‘विल’मधला निर्धार मात्र गेला नाही, हे ‘वोन्ट’वरून दिसतंच.

आता ‘गोइंग टू’. याचा कणा म्हणजे आधी झालेला निश्चय. तो किती खरा आहे, हे तपासायचं तर त्याला भूतकाळात ढकलून पाहावं. ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू’ म्हणजे मी तुला फोन करणारच होतो. आणि हे ऐकताच कळतं की फोन केलेला नाही. क्रिया घडलीच नाही, तरी वाक्य खरं आहे, कारण ते क्रियेबद्दल नव्हतंच. ते मनातल्या बेताबद्दल होतं, आणि बेत खराच होता. बेत आणि कृती यांच्यात इतकी मोकळी जागा सोडणारं हे रूप असल्यामुळे नव्या वर्षाचे संकल्प त्यात चपखल बसतात. ‘आय ॲम गोइंग टू लर्न स्विमिंग धिस इयर’ म्हणायला तलावाचा पास लागत नाही. ‘आय ॲम लर्निंग स्विमिंग फ्रॉम मंडे’ म्हणायला पास काढलेला असावा लागतो, निदान पैसे तरी भरलेले असावे लागतात.

‘गोइंग टू’चं दुसरं काम माणसाच्या बेताशी संबंधित नसलेल्या गोष्टींचं आहे, पण धागा तोच राहतो: भविष्याची सुरुवात वर्तमानात झालेली आहे. आभाळ काळवंडून आलं, वारा सुटला, तर ‘इट इज गोइंग टू रेन’. शिडीवरचा माणूस एका बाजूला कलला, तर ‘ही इज गोइंग टू फॉल’. पुरावा डोळ्यांसमोर आहे. या जागी ‘ही विल फॉल’ म्हटलं तर ते चुकल्यासारखं वाटतं, कारण तिथे भाकीत करायला सवडच नाही. पडणं सुरू झालेलंच आहे. याउलट पुढच्या पन्नास वर्षांत शहरं कशी असतील, आपली मुलगी मोठेपणी काय होईल, असली मतं ‘विल’ला शोभतात. त्यांच्या आधी ‘आय थिंक’, ‘आय एक्स्पेक्ट’, ‘प्रॉबब्ली’ हे शब्द सहज येऊन बसतात. ‘आय थिंक शी'ल बी अ डॉक्टर’ हा आईचा अंदाज झाला. ‘शी इज गोइंग टू बी अ डॉक्टर’ म्हटलं, की मुलीने तसं ठरवलं आहे किंवा मेडिकलला नंबर लागला आहे, असं वाटतं.

तिसऱ्या रूपाला, म्हणजे भविष्यासाठी वापरलेल्या चालू वर्तमानकाळाला, व्यवस्था लागते. ती करणारा माणूस लागतो आणि बहुधा दुसरी बाजूही लागते: डॉक्टर, पाहुणे, विमान कंपनी, लग्नाचा हॉल. याची मर्यादाही इथेच कळते. ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ असं म्हणता येत नाही, कारण पावसाची वेळ कुणी घेऊन ठेवलेली नसते. त्याच कारणाने झाड उद्या ‘फॉलिंग’ नसतं आणि सूर्य उद्या सकाळी ‘रायझिंग’ नसतो. ज्या गोष्टीवर माणसाचा ताबा नाही, ती या रूपात बसत नाही. आणखी एक काळजी घ्यावी लागते. कधीचं हे संदर्भातून कळत नसेल, तर ‘टुमॉरो’, ‘ॲट सेव्हन’, ‘नेक्स्ट वीक’ असा शब्द जोडावा लागतो, नाहीतर ऐकणारा ते आत्ता चाललेलं काम समजतो. ‘आय ॲम कुकिंग’ म्हणजे गॅसवर काहीतरी आहे. ‘आय ॲम कुकिंग टुनाइट’ म्हणजे आज रात्रीची पाळी माझी.

प्रश्न विचारताना हे तिघे आणखीच वेगळे वागतात. ‘विल यू कम टू द वेडिंग?’ हे बहुतेक वेळा आमंत्रण असतं, ‘याल ना?’ या अर्थाचं. ‘आर यू कमिंग टू द वेडिंग?’ ही चौकशी आहे; आमंत्रण आधी गेलेलं आहे आणि आता किती पानं धरायची, ते बघायचं आहे. ‘आर यू गोइंग टू कम ऑर नॉट?’ यात सहनशक्ती संपत आल्याचा सूर येतो, कारण तो थेट तुमच्या मनातला निश्चय विचारतो. आणि कुणी ‘व्हॉट आर यू डूइंग ऑन सॅटर्डे?’ असं विचारलं, तर त्याला तुमची दिनचर्या नको असते. तो तुमची शनिवारची जागा रिकामी आहे का ते पाहतो आहे, बहुधा पुढच्या वाक्यात आमंत्रण आहे. ‘नथिंग मच’ म्हटलंत, तर ते टाळणं मग अवघड जातं.

हे सगळं वाचून प्रत्येक वाक्यापाशी अडखळायचं कारण नाही. अनेक ठिकाणी दोन रूपं सारखीच चालतात. ‘वी आर हॅविंग अ पार्टी’ आणि ‘वी आर गोइंग टू हॅव अ पार्टी’ यांत पुष्कळदा फरक सांगता येत नाही, कारण बेत आणि व्यवस्था बरोबरच होतात. ‘गोइंग टू गो’ हे चुकीचं नाही, पण दोनदा जाणं टाळून लोक नुसतं ‘आय ॲम गोइंग टू नाशिक’ म्हणतात.

लेखी, औपचारिक इंग्रजी तर या धाग्याला थोडं वेगळं वळण देतं. ‘द मीटिंग विल बी हेल्ड ॲट फोर’ ही नोटीस फळ्यावर लागते, तेव्हा मीटिंग आयत्या वेळी ठरलेली नसते. तिथे ‘विल’ हा निव्वळ औपचारिकतेचा पोशाख असतो. निर्णयाच्या वयाची परीक्षा बोलताना, पत्रात, चॅटवर घ्यावी, नोटिशीवर नको.

बोलतानाही एक क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बातमी फोडताना लोक ‘गोइंग टू’ किंवा चालू वर्तमानकाळ वापरतात आणि तपशिलात शिरले की ‘विल’वर येतात. ‘वी आर गोइंग टू मूव्ह टू नागपूर. इट'ल टेक अ मंथ. द किड्स विल चेंज स्कूल्स.’ पहिल्या वाक्याने निर्णय कळला. त्यातून पुढे काय काय होणार, हे ओघाने आलं, त्याचा वेगळा निर्णय घेतलेला नाही. प्रत्येक वाक्यात ‘गोइंग टू’ घातलं, तर प्रत्येक तपशील नवा संकल्प असल्यासारखा वाटू लागतो.

शंका आलीच, तर नियमाचं पुस्तक न उघडता एक तपासणी करता येते. आपल्या वाक्याच्या मागे मनातल्या मनात ‘पण अजून कुणाला सांगितलेलं नाही’ हे जोडून पाहावं. ते खरं असेल, तर चालू वर्तमानकाळ वापरू नये. बेत मनातच आहे, ‘गोइंग टू’ पुरे. मग ‘हे मी आत्ता ठरवलं’ हे जोडून पाहावं. ते खरं असेल, तर ‘विल’. आणि दोन्ही खोटं निघालं, म्हणजे ठरलेलंही आहे आणि सांगितलेलंही आहे, तर वेळ घालून सरळ ‘आय ॲम सीइंग’, ‘आय ॲम मीटिंग’, ‘आय ॲम फ्लाइंग’ म्हणावं. मराठी माणसाला यात नवं फारसं शिकायचं नाही. ‘उघडते’, ‘उघडणार आहे’ आणि ‘उद्या उघडतोय’ यांतला फरक आपण कुणी शिकवल्याशिवाय रोज पाळतोच. फक्त ‘विल म्हणजे ईन, ईल’ हे शाळेत पाठ केलेलं समीकरण आधी सोडावं लागतं.